बुधरीने खोडलेला गोल

बुधरी हलामीबद्दल लिहायचं तर आधी मला माझी चूक कबूल करावी लागेल. तो गोल मी छापला होता.

माझं नाव नईम. धानोऱ्यात बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वर पत्र्याच्या हॉलमध्ये धनराज सरांचा भरतीचा क्लास चालतो. वनरक्षक, पोलीस, तलाठी, जे निघेल त्याची तयारी. सरांच्या बुद्धिमत्तेच्या वर्कशीट पाच वर्षं मीच टाइप करतो, मीच छापतो. हजारो पानं माझ्या हातातून गेली. त्यातलं एकही गणित मी कधी सोडवलं नव्हतं. हलवाई काय रोज जिलबी खातो?

बुधरी पहिल्यांदा दुकानात आली ती भांडायलाच. धानोऱ्यापासून सतरा किलोमीटर आत तिचं गाव. वर्कशीटच्या तिसऱ्या पानावर शाई फिकी आली होती. बाकीची पोरं तसंच घेऊन गेली. ही पान घेऊन खाली उतरली.

"भाऊ, हे वाचता येऊन नाई राह्यलं."

"उजेडात धर, येईल."

"उजेडातच उभी हावो. दुसरं काढून द्या."

काढून दिलं. दुसरा इलाज नव्हता, ती हलतच नव्हती. बुटकी, काटक पोरगी, वय असेल चोवीस. पायात कॅनव्हासचे बूट, कारण पहाटे ती मुरुमगावच्या रस्त्यावर धावायची. एकदा टपरीवरच्या दोघांनी शिट्टी मारली, तर ही पुढे पळून जायच्या ऐवजी वळून थेट त्यांच्याकडे धावत आली. शिट्टीवाले उठून गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून मी तिला पाणी विचारायला लागलो.

बस दुपारी तीनची असायची. क्लास सुटला की तासभर ती माझ्या बाकावर बसून वर्कशीट सोडवायची. बैठक व्यवस्थेचे प्रश्न तिचे आवडते. मला त्या प्रश्नांचा मनापासून तिटकारा होता. अमक्याच्या डावीकडे तमका, तमक्याच्या समोर ढमका. सरकारी नोकरीचा आणि कोण कुठे बसलं याचा काय संबंध, असं मी एकदा बोललो. तिने माझ्या काउंटरवरून पाच चिंचोके उचलले.

"पाच जण ओळीत बसले. सगळ्याइचं तोंड उत्तरेले. आता आयका. क मधात हाये. ड उजव्या टोकाले. अ हा क च्या लगेच डावीकडे. ब हा ड च्या बाजूले. सांगा, डाव्या टोकाले कोण?"

"मला काय ठाऊक!"

"पाच रेघा मारा पहिले."

मी पावतीच्या मागे पाच रेघा मारल्या. तिने मधल्या रेघेवर एक चिंचोका ठेवला. हा क. उजव्या टोकाला एक, तो ड. तोंड उत्तरेला म्हणजे त्यांचा डावा हात तोच आपला डावा हात, म्हणून क च्या डावीकडच्या रेघेवर अ. ड च्या बाजूला एकच रेघ मोकळी, तिथे ब. एक चिंचोका तिच्या हातात उरला आणि एक रेघ डावीकडे उरली.

"इ," मी म्हणालो. आणि सांगायला लाज नाही, मला आनंद झाला.

"पाह्यलं? ज्याची जागा पक्की हाये त्याले आधी बसवाचं. ज्याची नाई त्याले हातात ठेवाचं. लोकं काय करते, पहिल्या ओळीपासून बसवत सुटते."

गोलाच्या प्रश्नांवर मात्र आमचं पुन्हा वाजलं. झालं होतं असं, की पोरं गोल काढताना वेळ फार घालवतात, बटाट्यासारखे गोल काढतात, अशी सरांची तक्रार होती. मग मीच त्यांना सुचवलं की गोल छापूनच देऊ. कॉम्प्युटरवर सुरेख गोल काढला, त्यावर सहा ठिपके, प्रत्येक ठिपक्यापासून मध्याकडे जाणारा बाण. म्हणजे सगळ्यांची तोंडं आत. सर खूश झाले. प्रत्येक गोलाच्या प्रश्नाखाली तोच गोल मी चिकटवत गेलो. पोरांनी फक्त ठिपक्यांवर अक्षरं भरायची. मला त्या गोलाचा भारी अभिमान होता.

बुधरी त्यावर काट मारायची. प्रत्येक पानावर. आणि शेजारी आपला वाकडातिकडा गोल काढायची.

"अगं, छापलेला हाये ना? काऊन खोडते?" मी एकदा चिडून विचारलं.

"त्यो तुमचा गोल हाये. मी प्रश्न वाचून माहा काढते."

मला राग आला होता. माझा इतका रेखीव गोल!

गेल्या मे महिन्याची गोष्ट. चंद्रपूरच्या एका संस्थेने वनरक्षक भरतीसाठी मोफत निवासी वर्ग जाहीर केला. सहा महिने राहणं, जेवण, मैदान, पुस्तकं, सगळं त्यांचं. आमच्या क्लासमधून एकच नाव जाणार होतं, सराव परीक्षेत पहिला येईल त्याचं. बुधरीसाठी ती जागा म्हणजे काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. जूनपासून तिच्या गावाकडची बस बंद होते, नाल्यावरून पाणी जातं. दोन पावसाळे तिचा अभ्यास असाच बुडाला होता. घरी बापाने सांगून ठेवलं होतं की औंदा जमलं तर जमलं, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. ती जागा मिळाली नाही तर पुढच्या वर्षी बुधरी माझ्या बाकावर दिसणार नव्हती.

परीक्षेच्या आधीचे दहा दिवस ती तेंदूपानाच्या तोडणीवर होती. घरात हात कमी. पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधणं, मग वर्कशीट. परीक्षेला आली तेव्हा बोटं पानांच्या चिकाने काळी पडलेली.

निकाल लागला. शंभरपैकी पवनला एक्क्याऐंशी, बुधरीला ऐंशी. पवन कारवाफ्याकडचा, शिक्षकाचा मुलगा, सज्जन पोरगा. तिसरा नंबर खूप मागे होता.

सरांनी पवनच्या नावाचं पत्र सही करून माझ्याकडे पाठवलं. स्कॅन करून पाच वाजेपर्यंत चंद्रपूरला मेल करायचं होतं. मी पत्र मशीनवर ठेवलं आणि तेवढ्यात बुधरी आली. हातात तिची उत्तरपत्रिका आणि सरांची उत्तरसूची.

"भाऊ, ते पाठवू नका."

"सरांनी सांगितलंय."

"त्रेसष्ट नंबरचं उत्तर चुकीचं हाये. माह्यं नाई. सरायचं."

तिने प्रश्न माझ्यासमोर ठेवला. मीच टाइप केलेला. 'सहा मित्र अ, ब, क, ड, इ, फ शेकोटीभोवती समान अंतरावर, शेकोटीकडे पाठ करून बसले आहेत. ब हा अ च्या लगेच उजवीकडे आहे. ड हा अ च्या समोरच्या जागेवर आहे. इ हा ड च्या लगेच डावीकडे आहे. क हा ब च्या समोरच्या जागेवर आहे.' त्याखाली पाच प्रश्न. शेवटचा, त्रेसष्टावा: 'अ पासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजल्यास दुसऱ्या जागेवर कोण?' उत्तरसूचीत होतं क. बुधरीने लिहिलं होतं इ.

आणि प्रश्नाच्या खाली माझा गोल. बाण आत.

मी प्रश्न पुन्हा वाचला. शेकोटीकडे पाठ करून. हे वाक्य मी टाइप केलं, आणि त्याच्याच खाली सगळ्यांची तोंडं शेकोटीकडे करून ठेवली. मला खरंच लाज वाटली.

"सरायले सांगतलं," ती म्हणाली. "ते म्हणे पाच वर्षं चालून राह्यलं, आतापर्यंत कोणी नाई बोललं. यादी बदलत नाई म्हणे. मी वरतं जाते म्हनलं, पुन्हा सांगते. पण तुमी हे पाठवलं तं मंग बोलून काय फायदा?"

मी मशीनकडे पाहिलं. मग तिची वायर भिंतीतून काढली.

"मशीन बंद पडली," मी म्हणालो. "चल, मी पण येतो."

वर सर पोरांना काहीतरी शिकवत होते. आम्ही दारात उभे राहिलो तशी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नईमभाई, पत्र गेलं?"

"मशीन बंद हाये सर."

"बुधरी, मी तुला सांगितलं ना? एका मार्कासाठी रडायचं नसतं. पुढच्या वर्षी येईल नंबर."

"रडून नाई राह्यली सर. प्रश्न सोडवून दाखवते. पाच मिनिटं द्या."

सर वाईट माणूस नाही. पण बावीस पोरांसमोर आपली उत्तरसूची चुकली म्हणणं कोणत्या मास्तरला आवडतं? ते फळ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "हे बघ. या गटात पाच प्रश्न आहेत. माझा गोल चुकला असता तर पाचही उत्तरं चुकली असती. पहिल्या चारांत तुझं आणि माझं उत्तर एकच आहे. तूच तपासून बघ. मग गोल चुकला कुठे?"

पोरं माना हलवायला लागली. मीही हललो आतून. बोलणं बिनतोड वाटत होतं. मला वाटलं, संपलं.

"घड्याळ घेऊ काय सर?" ती म्हणाली.

उत्तराची वाट न पाहता तिने स्टूलवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि हॉलच्या मधोमध फरशीवर उताणं ठेवलं. बाकं मागे सारली. "ही शेकोटी. सर, तुमी अ. इथी, बाराच्या आकड्याजवळ. घड्याळाकडे पाठ."

हॉलमध्ये हसू फुटलं. सर बसेनात. ती म्हणाली, "सर, फळ्यावर तुमी आम्हाले वरतून दाखवता. वरतून पाह्यलं का सगळेच गोल सारखे दिसते. एकदा आतमधी बसून पाहा." आवाज चढलेला नव्हता, पण ती बाजूला होणार नाही हे सरांना कळलं असावं. पँट वर ओढून ते बसले, घड्याळाकडे पाठ करून.

"उजवा हात वरतं करा."

सरांनी केला. तो हात दोनच्या आकड्याच्या बाजूला होता. "पवन, तू ब. त्या हाताजवळ बस." पवन उठला. ज्याची जागा जाणार होती तोच तो, पण उठला आणि मुकाट बसला. एक मुलगी ड झाली, सरांच्या बरोबर मागे, सहाच्या आकड्याजवळ, तोंड बाहेर. तिला बुधरीने डावा हात वर करायला लावला. तो चारच्या आकड्याकडे गेला.

"नईमभाऊ, तुमी इ."

माझे गुडघे दुखतात. तरी बसलो. क झालेली मुलगी पवनच्या समोरच्या अंगाला, आठपाशी. दहाची जागा एकच उरली, तिथे फ.

"आता काटा कुठी फिरते पाहा." सेकंदकाटा सरांच्या पाठीपासून निघाला, पवनच्या पाठीमागून गेला आणि माझ्याकडे आला. "अ पासून पहिला ब, दुसरा इ."

म्हणजे उत्तर मी होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाचं तरी उत्तर होतो.

"आता सगळे घड्याळाकडे तोंड करा," ती म्हणाली. "छापील गोलासारखं."

आम्ही जागच्या जागी फिरलो. ती म्हणाली, "सर, उजवा हात." सरांचा उजवा हात आता दहाकडे गेला. म्हणजे ब तिकडे हवा. पवन आणि फ झालेली मुलगी यांनी जागा बदलल्या. ड चा डावा हात आठकडे, म्हणून मी कण्हत आठला गेलो आणि क माझ्या जागी चारला आली.

"अ च्या समोर कोण? ड च. आधीबी ड च होती. अ च्या उजवीकडे कोण? ब च. आधीबी ब च होता. डावं-उजवं, समोर, मधात, काईच नाई बदललं, कारण सगळेच्या सगळे फिरले. म्हून तुमचे चार उत्तरं बरोबर आले. पण काट्याले तुमचं तोंड कुठी हाये याच्याशी काई घेणं नाई. तो आपला त्याच बाजूनं जाते. आता मोजा."

काटा सरांकडून निघाला. पहिली फ. दुसरी क.

"तुमच्या सूचीतला क हा हाये सर. तोंड आत करून बसले तं. प्रश्नात पाठ लिवली हाये."

सर फरशीवर बसून घड्याळाकडे पाहत राहिले. काट्याने एक पूर्ण फेरी मारली. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुला हे कधी सुचलं? परीक्षेत एवढा वेळ नसतो."

"सुचलं नाई सर. आमी असेच बसतो."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तेंदूच्या दिवसांत शेजारच्या गावातली एक बाई जेवताना पाठीमागून वाघाने नेली. तेव्हापासून त्यांच्या टोळीतल्या बाया जंगलात जेवायला बसल्या की पाठीला पाठ लावून गोल बसतात, तोंडं झाडीकडे. मध्ये डब्यांची थैली आणि पाण्याची बाटली. बाटली प्रत्येकीने पिऊन उजव्या हाताने शेजारणीला द्यायची, मान न वळवता, कारण प्रत्येकीचे डोळे समोरच्या झाडीवर असायला हवेत. दहा दिवस ती रोज त्या गोलात बसली होती. "बाटली आमच्या उजवीकडून जाते. आई सगळ्यात मोठी, म्हून आईपासून निघते. वरतून पाहाल तं घड्याळासारखीच जाते. प्रश्न वाचला तवाच मले ठाऊक होतं ब कोणत्या बाजूले हाये. छापील गोलात ते बसतच नोव्हतं."

त्या बाया मरणाकडे पाठ करत नाहीत, तोंड करतात, आणि आम्ही दोघं शहाणे पाच वर्षं त्यांची तोंडं शेकोटीकडे वळवून छापत होतो.

पवनच आधी बोलला. "सर, मी गोल काढलाच नोव्हता. छापला होता त्यात भरला. तिचं नाव लिवा." त्यालाही ती जागा हवी होती. बुधरीने त्याच्याकडे पाहिलं. मान झुकवली नाही, आभारही मानले नाहीत. फक्त म्हणाली, "तुले ओळीचे प्रश्न माह्यापेक्षा चांगले येते. यंदा भरतीचा फारम भर, चुकवू नोको."

सर उठले, कपडे झटकले. फळ्यावर त्रेसष्ट लिहून त्यापुढचा क त्यांनी पुसला आणि इ लिहिलं. बुधरी एक्क्याऐंशी, पवन ऐंशी. मग नवं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली आणि माझ्या हातात दिलं. "नईमभाई, मशीन कधी सुरू होईल?"

"झालीच समजा सर," मी म्हणालो आणि जिना उतरलो. वायर लावायला कितीसा वेळ लागतो?

चार वाजून चाळीस मिनिटांनी पत्र गेलं. बुधरीची तीनची बस केव्हाच गेली होती. ती तशीच दुकानात उभी राहिली, मेल गेल्याचं स्क्रीनवर स्वतः वाचेपर्यंत. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. तिला स्वतः वाचायचं होतं. मग रात्री माझ्या घरी माझ्या आईजवळ, शमसुन्निसाबीजवळ झोपली. आईने तिला दोनदा वाढलं आणि दोनदा विचारलं की एवढीशी पोरगी वाघाच्या जंगलात नोकरी कशाला मागते.

"जंगल आमचंच हाये माय," ती म्हणाली. "आता वर्दी घालून राखीन."

तिच्या चंद्रपूरला जाण्याच्या आदल्या दिवशी सर मला वर्कशीट दुरुस्त करायला सांगत होते. म्हणाले, पाठीच्या प्रश्नांसाठी बाहेरच्या बाणांचा वेगळा गोल करा, दोन्ही छापू. बुधरी पुस्तकं बांधत होती. तिने मान वर केली.

"काई नका छापू सर. जागा मोकळी सोडा."

"अगं, पोरं बटाटे काढतील."

"काढू द्या. बटाट्यात माणूस बसते. तुमच्या गोलात अक्षर बसते फक्त."

सर हसले नाहीत. त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी फाईल उघडली, तो सुरेख गोल निवडला, आणि बोटाने डिलीटचं बटण दाबलं. एका पानावरून, मग दुसऱ्या, एकतीस पानांवरून. हात जरा जड झाला होता, खोटं कशाला सांगू.

परवा नव्या बॅचची एक पोरगी पान घेऊन खाली आली. अगदी तशीच काउंटरला टेकली.

"भाऊ, इथी गोल छापाचा राह्यला वाटते."

"राह्यला नाई," मी म्हणालो आणि माझ्या खिशातला पेन तिच्यापुढे सरकवला. "प्रश्न वाच. तोंड कुठी हाये ते पाह. अन् तुहा तू काढ."